फॉर्मवरचा माझा नंबर
(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि बहिणींनो, संयोजकांनी मला विषय दिला तो असा : नोकरी सांभाळून म्युच्युअल फंड किंवा विमा विकण्याचं काम करावं का? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. २०१९ पासून शनिवार-रविवारी म्युच्युअल फंडाचा वितरक म्हणून काम करतो. त्यामुळे करावं की नाही यावर मी भाषण देणार नाही. परवाना कसा मिळतो, पैसे किती मिळतात आणि माणूस कुठे घसरतो, या तीनच गोष्टी सांगतो. तिसरी माझ्या स्वतःच्या चुकीची आहे, म्हणून तिला जास्त वेळ देणार आहे.

आधी परवान्याचं. म्युच्युअल फंड विकायचा असेल तर एनआयएसएम या सेबीने स्थापन केलेल्या संस्थेची परीक्षा द्यावी लागते. तिचं नाव सिरीज पाच-ए. शंभर गुणांचा पेपर, दोन तास वेळ, पर्यायी उत्तरांचे प्रश्न, उत्तीर्ण व्हायला पन्नास गुण. फी साधारण दीड हजार रुपये. अभ्यासाचं पुस्तक एनआयएसएमच्या साइटवर फुकट मिळतं, आणि तेच नीट वाचलं तर क्लास लावायची गरज नाही. मी रोज रात्री तासभर असं तीन आठवडे वाचलं होतं.

उत्तीर्ण झाल्यावर ॲम्फीकडे नोंदणी करायची. ॲम्फी म्हणजे म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना. पॅन, आधार, बँकेचा तपशील आणि परीक्षेचं प्रमाणपत्र देऊन ओळख पडताळणी होते, साधारण तीन हजार रुपये आणि त्यावर जीएसटी भरावा लागतो, आणि मग तुम्हाला एआरएन नावाचा नंबर मिळतो. सोबत ईयूआयएन नावाचा दुसरा नंबरही येतो. ही योजना नेमक्या कोणत्या माणसाने समोर बसून विकली, हे त्या दुसऱ्या नंबरवरून कळतं. एखादी कंपनी वितरक असेल तर तिचा एआरएन एकच असतो, पण तिच्या प्रत्येक विक्री कर्मचाऱ्याचा ईयूआयएन वेगळा असतो. म्हणजे चुकीचं विकलं तर "आमच्या ऑफिसातून कोणीतरी दिलं असेल" असं म्हणता येत नाही.

नंबर मिळाला म्हणून लगेच कमिशन सुरू होत नाही. ज्या फंड कंपन्यांच्या योजना द्यायच्या आहेत त्या प्रत्येकीकडे वितरक म्हणून नाव नोंदवावं लागतं. हे काम आता ऑनलाइन होतं. ते नको असेल तर एखाद्या मोठ्या वितरकाच्या हाताखाली उपवितरक होता येतं. त्यांचं सॉफ्टवेअर मिळतं, कागदपत्रांची कटकट कमी होते, पण कमिशनचा एक वाटा त्यांच्याकडे जातो आणि ग्राहक त्यांच्या नंबरखाली नोंदला जातो. पुढे वेगळं व्हायचं ठरवलं तर तिथे अडचण येते, म्हणून सही करण्यापूर्वी ते कलम वाचा.

नोकरी करणाऱ्यांनी एक काम सर्वांत आधी करायचं. तुमचं नेमणूकपत्र काढा आणि दुसऱ्या उत्पन्नाबद्दल काय लिहिलंय ते पाहा. बहुतेक आयटी कंपन्यांच्या पत्रात परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये असं कलम असतं. मी एचआरला ईमेल लिहिला : कामाच्या वेळेबाहेर करीन, कंपनीचा लॅपटॉप वापरणार नाही, सहकाऱ्यांना ऑफिसात विकणार नाही. लेखी होकार आला, मग परीक्षेची फी भरली. तोंडी होकारावर काम करू नका. आणि आयकर विवरणपत्र भरताना कमिशन हे व्यवसायाचं उत्पन्न ठरतं. नुसत्या पगारदाराचा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो.

आता पैशांचं. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. पूर्वी ग्राहकाने पैसे गुंतवले की वितरकाला एकरकमी कमिशन मिळायचं. सेबीने २०१८ मध्ये ते बंद केलं. आता फक्त ट्रेल मिळतं, म्हणजे ग्राहकाचे पैसे योजनेत जितके दिवस आहेत तितके दिवसच, त्या दिवसाच्या मूल्यावर थोडा थोडा वाटा. शेअरच्या योजनांत तो वर्षाला ०.६ ते १ टक्क्याच्या आसपास असतो, लिक्विड योजनांत फारच कमी.

याचा हिशेब मांडू. समजा पहिल्याच महिन्यात तुम्हाला वीस ग्राहक मिळाले, आणि प्रत्येकाने तीन हजारांची एसआयपी सुरू केली. एवढं पहिल्या महिन्यात कुणालाच मिळत नाही, पण धरून चालू. दर महिन्याला साठ हजार रुपये येतील. वर्षअखेरीस ७ लाख २० हजार जमतील, पण वर्षभराची सरासरी काढली तर ३ लाख ९० हजार. ट्रेल ०.८ टक्के धरलं तर पहिल्या वर्षाची तुमची एकूण कमाई ३,१२० रुपये. महिन्याची नाही, वर्षाची. परीक्षा आणि नोंदणीचा खर्च पाच हजारांच्या घरात गेलेला असतो. म्हणजे पहिलं वर्ष तोट्यात.

हेच वीस ग्राहक पाच वर्षं टिकले, तर बाजाराची वाढ-घट बाजूला ठेवून ३६ लाख जमतात, आणि त्यावर वर्षाला २८,८०० रुपये, म्हणजे महिन्याला २,४०० मिळतात. प्रत्यक्षात काहींच्या एसआयपी बंद पडतात, काही जण घर घेताना सगळं काढतात. पाच वर्षांनी वीसपैकी वीस राहत नाहीत. शिवाय स्वतःच्या गुंतवणुकीवर वितरकाला कमिशन घेता येत नाही, आणि आपल्या कमिशनमधला वाटा ग्राहकाला परत देऊन त्याला ओढणंही नियमात बसत नाही. "परवाना काढतो, स्वतःचंच कमिशन वाचवतो" असा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. स्वतःसाठी सरळ डायरेक्ट योजना घ्या.

मग लोक विम्याकडे का वळतात ते याच आकड्यांवरून कळेल. विम्याचा एजंट व्हायला दहावी पास, थोडं प्रशिक्षण आणि एक परीक्षा पुरते. समजा तुम्ही एखाद्याला वर्षाला पन्नास हजार हप्त्याची एंडोमेंट पॉलिसी दिली. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर २५ टक्के कमिशन असेल तर एका संध्याकाळी साडेबारा हजार रुपये मिळाले. वीस कुटुंबांची एसआयपी वर्षभर सांभाळून ३,१२० आणि इथे एका सहीचे साडेबारा हजार. मोह होणारच.

पण त्या सहीच्या पलीकडे काय आहे ते पाहा. तीस वर्षांचा रिक्षाचालक, दोन लहान मुलं. पन्नास हजारांच्या त्या पॉलिसीत त्याला विम्याचं संरक्षण मिळतं सुमारे दहा लाखांचं. परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास. त्याच वयाच्या निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला एक कोटीचा मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळतो. तो उद्या गेला तर घरात दहा लाख येणार की एक कोटी, हे तुमच्या कमिशनने ठरवलं. आणि दोन वर्षांनी हप्ता जड झाला म्हणून त्याने पॉलिसी सोडली, तर भरलेल्या पैशांतला मोठा भाग जातो. तुमचे साडेबारा हजार मात्र तुमच्याकडेच राहतात.

मी विमा विकत नाही. विमा वाईट म्हणून नव्हे. घरातल्या कमावत्या माणसाला टर्म विमा हवाच, असं मी प्रत्येकाला सांगतो. पण एकाच टेबलावर एका हाताला वर्षाचे तीन हजार आणि दुसऱ्या हाताला एका सहीचे बारा हजार ठेवले, तर माझी जीभ कुठे वळेल याची मला खात्री नाही. तुमचा तुमच्यावर माझ्यापेक्षा जास्त भरवसा असेल तर जरूर एजंट व्हा, आणि टर्म विमा विका.

आता माझ्या चुकीचं सांगतो.

एआरएन मिळून सहा महिने झाले होते. माझे पहिले ग्राहक अर्थातच घरातले आणि गल्लीतले. आमच्या शेजारी एक खाला राहतात, माझ्या अम्मीच्या मैत्रीण. शिवणकाम करून त्यांनी दोन लाख रुपये साठवले होते. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी मला बोलावलं. आदल्या दोन-तीन महिन्यांत स्मॉलकॅप योजना बऱ्यापैकी वर आल्या होत्या. मी लॅपटॉप उघडून त्यांना आलेख दाखवला. त्या म्हणाल्या, "बेटा, मला यातलं काही कळत नाही. तू सांगतोस तर ठीकच असेल."

मी फॉर्म भरला. दोन लाख एकरकमी, एका स्मॉलकॅप योजनेत. पैसे कधी लागणार आहेत, हा प्रश्न मी विचारलाच नाही. जोखमीचा रकाना मीच भरला आणि त्यांनी सही केली.

२३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर बंद झाला. जानेवारीत तो १२,००० च्या वर होता. स्मॉलकॅप त्याहून जास्त पडले. खालांच्या दोन लाखांचे त्या आठवड्यात १ लाख १५ हजारांच्या आसपास झाले होते. मी फोनवर पुस्तकी वाक्य ऐकवलं : घाबरू नका, लांबचा विचार करा. तेव्हा त्या म्हणाल्या, "लांबचा कसला? जुलैत आयेशाची नर्सिंगची फी भरायचीय ना."

मला हे तेव्हा कळलं. जुलैपर्यंत बाजार बराच सावरला होता, पण पूर्ण नाही. एका वर्षाच्या आत पैसे काढल्यामुळे एक टक्का एक्झिट लोडही गेला. त्यांच्या हातात १ लाख ५८ हजार आले. बेचाळीस हजारांचा तोटा. त्या सहा महिन्यांत त्यांच्या पैशांवर मला मिळालेलं कमिशन मी नंतर काढून पाहिलं. आठशे रुपये.

उरलेली फी मी माझ्या पगारातून भरतो म्हटलं. त्यांनी घेतली नाही. मला बोलल्याही नाहीत काही. फक्त पुढे दोन वर्षं त्यांनी कुठलाही कागद मला दाखवला नाही, आणि अम्मीला मात्र रोज भेटत राहिल्या.

यात बाजाराचा दोष नाही. योजनाही खोटी नव्हती. ज्या माणसाने पैसे काढले नाहीत त्याचे पुढे वसूल झाले. चूक एवढीच की सहा महिन्यांनी लागणारे पैसे मी सात-आठ वर्षांच्या डब्यात टाकले. नियमाच्या भाषेत याला मिससेलिंग म्हणतात. खोटं बोलणं म्हणजेच फसवणूक असं आपल्याला वाटतं. मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो.

त्यानंतर मी एक वही केली. कोणतीही योजना उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारतो आणि उत्तरं ग्राहकाच्याच शब्दांत लिहून त्याची सही घेतो. हे पैसे कधी, कशासाठी लागणार? सहा महिने पगार थांबला तर घर कशावर चालेल? कुणाचं कर्ज आहे का? पैसे तीन वर्षांच्या आत लागणार असतील तर शेअरची योजना नाही. आणीबाणीची शिल्लक नसेल तर आधी ती. क्रेडिट कार्डाचं किंवा सावकाराचं देणं असेल तर आधी ते फेडा, कारण तिथे जाणारं व्याज कुठलीही योजना भरून काढणार नाही. या तीन प्रश्नांमुळे माझे निम्मे लोक पहिल्या भेटीत काहीच न घेता जातात. यातले काही वर्षभराने परत येतात.

चौथी गोष्ट मी सांगतो ती कमिशनची. प्रत्येक योजनेचे दोन प्रकार असतात, रेग्युलर आणि डायरेक्ट. डायरेक्ट २०१३ पासून आहे. माझ्यामार्फत घेतली तर रेग्युलर, आणि त्यातून माझं कमिशन जातं. दहा लाखांवर वर्षाला आठ हजार वगैरे. हा खर्च ग्राहकाला वेगळा बिल म्हणून दिसत नाही, योजनेच्या किमतीतूनच वजा होतो. मी हे आधी बोलतो. नाही बोललो तरी दर सहा महिन्यांनी येणाऱ्या एकत्रित विवरणात वितरकाला किती कमिशन मिळालं तो आकडा रुपयांत छापलेला असतो. ग्राहकाने तो तिथे पहिल्यांदा वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेला बरा.

माझ्यासारखाच एखादा इंजिनिअर आला, स्वतः वाचतो, स्वतः केवायसी करू शकतो, तर मी त्याला सांगतो : तू डायरेक्ट घे, तुला माझी गरज नाही. अशी बरीच माणसं गेली. मग माझी गरज कुणाला आहे? ज्यांना नॉमिनीचा फॉर्म भरता येत नाही त्यांना. ज्यांच्या आधारवर आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, शेख एकीकडे पुढे आणि एकीकडे मागे, त्यांची केवायसी अडकते त्यांना. बाजार पडल्यावर मध्यरात्री पैसे काढायला निघालेल्यांना. हे काम केलं तर ते आठ हजार घेताना मला लाज वाटत नाही. काम न करता घेतले तर वाटली पाहिजे.

आणि एक शब्द आहे जो आपण वापरायचा नाही : सल्लागार. सल्लागार होण्यासाठी सेबीची वेगळी नोंदणी लागते. तो ग्राहकाकडून फी घेतो. आपण फंड कंपनीकडून कमिशन घेतो. कार्डावर "म्युच्युअल फंड वितरक" एवढंच छापा.

शेवटी आपल्या समाजातला एक प्रश्न, जो प्रत्येक घरात विचारला जातो : हे हलाल आहे का?

शरीयतच्या निकषांवर कंपन्या निवडणाऱ्या काही योजना आहेत. टाटा एथिकल, टॉरस एथिकल, निफ्टी ५० शरीया निर्देशांकावरचा एक ईटीएफ. त्यात बँका, दारू, व्याजावर चालणाऱ्या वित्तकंपन्या नसतात, आणि फार कर्ज असलेल्या कंपन्या गाळल्या जातात. ज्यांना हवं त्यांना मी त्या दाखवतो. पण दोन गोष्टी सोबत सांगतो. पहिली, या योजनाही पडतात. २०२० मध्ये त्याही पडल्या. बँका नसल्यामुळे कधी निफ्टीच्या पुढे जातात, कधी मागे राहतात. दुसरी, एका वर्षात लागणाऱ्या पैशांसाठी, ज्याला व्याज नकोच आहे, त्याला विकायला माझ्याकडे काही नाही. लिक्विड योजना व्याजावरच चालते. तिथे शब्दांचे खेळ करून फॉर्म भरायचा नाही. योग्य-अयोग्य ज्याचं त्याने, वाटल्यास आपल्या विश्वासातल्या आलिमला विचारून ठरवावं. मी फतवा देत नाही, तसं कमिशन घेणाऱ्याने तो देऊही नये.

हे एवढं जपून का बोलतो? बंगळुरूची आयएमए २०१९ मध्ये बुडाली. हलाल गुंतवणूक असं नाव, दरमहा अडीच-तीन टक्के नफा, आणि हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे. मुलींच्या लग्नाचे, हजचे, निवृत्तीचे. लोकांनी ताळेबंद वाचून पैसे दिले नव्हते. ओळखीच्या, आपल्या माणसाने सांगितलं म्हणून दिले होते. माझ्या खालांनीही तेच केलं होतं. "तू सांगतोस तर ठीकच असेल." फरक एवढाच की माझी योजना खरी होती.

म्हणून तुम्ही वितरक व्हा किंवा होऊ नका, घरी जाऊन एवढं सांगा : खरा वितरक कधीही पैसे स्वतःच्या खात्यात किंवा रोख घेत नाही. चेक किंवा यूपीआय थेट योजनेच्या नावाने जातो. त्याचा एआरएन ॲम्फीच्या साइटवर टाकला की नाव दिसतं आणि मुदत संपली आहे का तेही कळतं. आणि तो महिन्याचा ठरलेला नफा कधीच कबूल करत नाही. यातली एक गोष्ट जरी चुकली, तरी तो कितीही जवळचा असो, कितीही नमाजी असो, उठून या.

माझा एआरएन दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो. एक तर परीक्षा पुन्हा द्यायची, नाही तर एनआयएसएमचं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं. गेल्या वेळी मी सोडून द्यावं असा विचार करत होतो. महिन्याला जे मिळतं त्यापेक्षा जास्त मी एका शनिवारी फ्रीलान्स कोडिंग करून कमावू शकतो. त्याच आठवड्यात खालांनी दारात थांबवलं. आयेशा आता सरकारी रुग्णालयात नोकरीला लागली आहे. म्हणाल्या, "तिचा पहिला पगार आलाय. तिला तुझ्याकडे पाठवते. पण आधी तिला विचार, पैसे कधी लागणार ते."

मी नूतनीकरण केलं. आयेशाच्या फॉर्मवर माझा नंबर आहे. वहीत तिच्या अक्षरात लिहिलंय : "आठ वर्षं लागणार नाहीत. अम्मीच्या औषधांचे वेगळे ठेवले आहेत."

आता तुमचे प्रश्न घेतो.